तीन क्रेन, तीन निकष आणि नंबर

प्रश्न: कोथरूडला आम्ही शाळेतल्या मुलांसाठी दोन दिवसांची ओरिगामी कार्यशाळा घेतली. शेवटी प्रत्येकाने १५ सेंमीच्या चौकोनी कागदातून पारंपरिक क्रेन, म्हणजे कागदी क्रौंच पक्षी केला. घडीची धार, सममिती आणि मूळ आकाराशी जुळणं या तीन निकषांवर आम्ही दोघींनी गुण दिले, पण शेवटच्या तिघांवर एकमत होत नाही. पहिल्याच्या घड्या एकदम करकरीत आहेत, पण एक पंख ४ मिमी लांब आहे. दुसरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे, पण घड्या मऊ आणि चोच बोथट. तिसरा सगळ्यात देखणा, पण मान सरळ उभी आणि पंख वळवलेले, आम्ही दाखवला तसा नाही. नंबर कसे लावायचे?

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कौल असा: दुसरा क्रेन पहिला आणि करकरीत घड्यांचा बहुधा तिसरा. तो देखणा क्रेन कुठे बसेल हे मुलांपेक्षा तुमच्या सूचनांवर जास्त अवलंबून आहे. "बहुधा" म्हणते, कारण ते ४ मिमी कुठून आले हे क्रेन हातात घेऊन तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. तपासायला दोन मिनिटं लागतात.

क्रेनमध्ये दोन जातीच्या घड्या असतात, आणि त्या वेगळ्या न काढता गुण दिले की परीक्षकांचं हमखास बिनसतं. पहिली जात आधाराच्या घड्यांची. कोपऱ्याला कोपरा, किनारीला मध्यरेषा, अशी जागा कागदच सांगतो, करणाऱ्याला काही ठरवायचं नसतं. कर्णाच्या घड्या, मधल्या उभ्या-आडव्या घड्या, त्यांवर कागद मिटून होणारा छोटा चौकोनी बेस, त्याचा पदर पाकळीसारखा वर उचलून, म्हणजे पेटल फोल्ड करून होणारा निमुळता बर्ड बेस आणि मग खालचे दोन पाय अरुंद करणं, इथपर्यंत सगळं आधाराचं. त्यापुढच्या घड्या अंदाजाच्या. मान आणि शेपटीचा रिव्हर्स फोल्ड, म्हणजे टोक दोन थरांच्या मधून उलटं काढणारी घडी, किती वर न्यायची, चोच किती लांब मोडायची, पंख कुठून खाली घ्यायचे, पोट किती फुगवायचं हे आकृतीत बाणाने दाखवलेलं असतं, पण अंश किंवा मिलिमीटर कुणी लिहीत नाही. आपण सगळे वापरतो ती तुटक रेषांची आणि बाणांची पद्धत मुळात जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावांची. घडी कुठे आणि कोणत्या दिशेला, हे तिच्यातून नेमकं कळतं. "किती" हे बऱ्याचदा चित्र पाहून डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

म्हणून धार आणि सममिती मुख्यतः आधाराच्या घड्यांवर तपासावी आणि आकाराशी जुळणं अंदाजाच्या घड्यांवर. हे एकदा धरलं की तुमचे तिन्ही क्रेन बरेचसे सुटे होतात.

आता ते ४ मिमी. क्रेन हातात घ्या, दोन्ही पंख पुन्हा वर उचला आणि तळव्यांमध्ये सपाट दाबा, म्हणजे पंख एकमेकांवर बसतील. मग खिडकीकडे धरून टोकं पहा. टोकं जुळली, तर पंखांची लांबी सारखीच आहे, फक्त खाली मोडताना एक पंख वरून मोडला आणि दुसरा खालून. ही अंदाजाच्या घडीतली चूक, घरी नेऊनही दुरुस्त होणारी. तिच्यासाठी मी फार गुण कापत नाही. पण टोकांत तेव्हाही ४ मिमी फरक दिसला, तर चूक पेटल फोल्डमध्ये, म्हणजे बरीच आधी झालेली आहे.

हे कसं होतं ते सांगते, कारण इथे भूमितीच साक्ष देते. १५ सेंमी कागदाचा चौकोनी बेस ७.५ सेंमी बाजूचा होतो. त्याच्या दोन कच्च्या किनारी, म्हणजे कागदाच्या मूळ कापलेल्या कडा, मध्यरेषेला आणून आपण पतंगासारखा आकार करतो, उघडतो आणि त्याच खुणांवर पेटल फोल्ड उचलतो. सगळं नेमकं झालं तर पेटलची बिजागरी, म्हणजे पाकळी ज्या आडव्या घडीवर वर उचलली जाते ती, खालच्या टोकापासून बरोबर ७.५ सेंमीवर येते आणि उचललेलं टोक आणखी ७.५ सेंमी वर जातं. म्हणजे पुढची-मागची दोन्ही टोकं वर केली की बर्ड बेस टोकापासून टोकापर्यंत १५ सेंमी, मूळ कागदाच्या बाजूइतकाच. कार्यशाळेत मुलांना या टप्प्यावर थांबवून पट्टी लावायला सांगावं. १५ आलं तर पुढे जा, साडेचौदा आलं तर उघडा.

कच्ची किनार मध्यरेषेला नीट न लागता थोडी अलीकडे राहिली, तर बिजागरी खाली सरकते आणि पंख आखूड होतो. किनार मध्यरेषेच्या पलीकडे गेली तर बिजागरी वर सरकते आणि पंख लांब होतो. घडीत एका अंशाची चूक झाली, की या मापाच्या कागदात पंखाचं टोक साधारण २ मिमी हलतं. एक अंश कागदावर दिसतो कसा? कच्ची किनार टोकाशी बरोबर असते आणि दुसऱ्या, रुंद बाजूला मध्यरेषेपासून जेमतेम अडीच मिमी सुटलेली असते. मुलांना एवढं अंतर "लागलंच की" वाटतं. पुढच्या बाजूला किनारी एक अंश अलीकडे राहिल्या आणि मागच्या बाजूला एक अंश पलीकडे गेल्या, की झाले तुमचे ४ मिमी.

याचा पुरावा तयार क्रेनमध्येही शाबूत असतो. पंख उलटून खालची बाजू बघा. तिथे दोन कच्च्या किनारी मधोमध भेटतात. आखूड पंखावर त्या किनारींमध्ये अंगाजवळ पाचरीसारखी फट दिसेल, आणि कागद एका बाजूने रंगीत असेल तर फटीतून पांढरं डोकावेल. लांब पंखावर त्याच जागी किनारी एकमेकींवर चढलेल्या दिसतील. एकच किनार चुकलेली असेल तर पंखाचं टोक मधल्या रेषेवर न राहता एका अंगाला कलतं. एवढं पाहिलं की "मला तो जरा वाकडा वाटतो" असं म्हणायची वेळ येत नाही, नेमकी कोणती घडी चुकली हे बोट ठेवून दाखवता येतं.

आता धार. पहिल्या क्रेनला धारेचे पूर्ण गुण द्यायला मी का कचरते? बहुतेक परीक्षक धार म्हणजे किती दाबलंय ते बघतात. नखाने जोर लावून घासलेली घडी चकाकते आणि डोळ्यांत भरते. पण चांगल्या घडीत आधी ती जिथे हवी तिथूनच गेलीय का, मग ती एकच रेषा आहे का, आणि सगळ्यात शेवटी ती किती दबलीय, हे बघावं लागतं. टेबललॅम्प अगदी आडवा, कागदाच्या पातळीला ठेवा आणि क्रेन हळूहळू फिरवा. समोरच्या उजेडात न दिसणाऱ्या दुहेरी रेषा आडव्या उजेडात लगेच दिसतात. एका घडीशेजारी अर्ध्या-एक मिलिमीटरवर दुसरी फिकट रेषा असेल, तर घडी आधी चुकीच्या जागी बसली आणि मग हलवली. रंगीत कागदावर घडीच्या कण्याला रंग उडून पांढरी रेघ आली असेल, तर प्रमाणाबाहेर घासलंय. ती रेघ धारेची खूण म्हणून गुण मिळवून जाते, पण कागदाची वरची पापुद्री फुटल्याची ती खूण आहे.

मुळात धार ही दुरुस्त होणारी गोष्ट. मऊ घडी पुन्हा टेबलावर ठेवून दाबता येते. चुकीच्या जागी करकरीत बसलेली घडी मात्र कागद कधी विसरत नाही, पुढच्या प्रत्येक घडीत ती आडवी येते. म्हणून चुकलेली घडी जितकी करकरीत, तितकी महाग. आडव्या उजेडात दुहेरी रेषा नसतील तर पहिल्या क्रेनला मी धारेचे चांगले गुण देईन, पण त्याच घड्या सममितीत त्याला मागे ओढतील.

दुसऱ्या क्रेनचं उलट. किनारी जुळल्यात, टोकं जुळल्यात, पण घड्या फुगलेल्या आणि चोच बोथट. इथे दोन शक्यता तपासा. मुलाने हवेत, हातात धरून घड्या घातल्या असतील तर घडी मध्ये दाबलेली आणि दोन्ही टोकांना सैल दिसते. कागदाने ओल धरली असेल तर सगळीकडे सारखीच मऊ दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कार्यशाळा असेल तर दुसरी शक्यता विसरू नका. सकाळी पाकीट उघडून ठेवलेला कागद दुपारपर्यंत नरम पडतो, घडी घालून बोट काढलं की हळूच उघडते. सगळ्या मुलांचे क्रेन असेच असतील तर ते हवेचं काम. एकाचाच असेल तर हाताचं.

बोथट चोचीचं कारण मात्र बहुतेक वेळा धारेत नसतं. पाय अरुंद करताना मूल किनारी मध्यरेषेला अगदी चिकटवतं, मग त्या पायाची मान करण्यासाठी तो मधोमध दुमडताना आतले थर एकमेकांना ढकलतात आणि टोकाशी कागदाचा गोळा होतो. अनुभवी हात इथे मुद्दाम अर्ध्या मिलिमीटरची फट सोडतो, दोन्ही बाजूंना सारखी. म्हणजे मध्यरेषेला तंतोतंत लावलेली घडी इथे थोडी चुकीची आणि मुद्दाम सोडलेली फट बरोबर! परीक्षकाला हे माहीत नसेल तर ती फट पाहून गुण कापले जातात. ओळखायचं कसं? फट दोन्ही बाजूंना सारखी आणि टोकाकडे निमुळती होत गेली असेल तर ती सोडलेली आहे, एका बाजूलाच असेल तर राहून गेलेली. दुसऱ्या क्रेनची मान जरा उघडून तेवढं पाहून घ्या.

धारेबद्दल आणखी एक गोष्ट, जी कळल्यापासून मी मुलांना जरा जपून बोलते. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने लागलेले असतात. त्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते, आडवी घातलेली जरा खरबरीत येते. ही दिशा साधारण कागदाच्या एका बाजूला समांतर असते. क्रेनच्या पंखावरच्या दोन घड्या कोपऱ्यातून दोन्ही किनारींशी साडेबावीस अंशांनी निघतात, म्हणजे एक घडी तंतूंच्या दिशेच्या जवळ पडते आणि दुसरी जवळजवळ आडवी. परिणामी त्याच पंखाची एक कड दुसरीपेक्षा किंचित मऊ दिसू शकते, आणि त्यात मुलाचा काही दोष नसतो. एवढ्या फरकावर सममितीचे गुण कापू नयेत. हातकागदात तंतूंना अशी ठरावीक दिशा फारशी नसते, पण तो जाड असतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुंदर कागद घेऊन कुणी क्रेन केला, तर त्याची धार पातळ ओरिगामी कागदाच्या शेजारी ठेवून तोलण्यात अर्थ नाही.

सममिती म्हणजे नक्की कोणती, हेही आधी ठरवा. क्रेनला डावी-उजवी सममिती हवी. पुढची-मागची हवी असं नाही, कारण पुढे डोकं आहे आणि मागे नाही. चोच मोडण्याआधी मान आणि शेपूट सारख्या लांबीच्या असाव्यात, पण तयार क्रेनमध्ये त्यांचा कोन वेगळा आहे म्हणून सममितीचे गुण कापणाऱ्या परीक्षक मी पाहिल्यात. तो कोन आकाराच्या खात्यात जातो. डावी-उजवी तपासायची सोपी रीत अशी: क्रेन आलेख कागदावर ठेवा, मोबाइल बरोबर समोर, त्याच उंचीवर धरून फोटो काढा. तोच फोटो उलटा करून अर्धपारदर्शक करून मूळ फोटोवर ठेवा. टोकांची जोडी कुठे फाकते ते स्क्रीनवरच दिसतं. मोबाइल जरा तिरका धरला तरी खोटा फरक येतो, म्हणून क्रेन फिरवून मागूनही एक फोटो घ्या. दोन्हींत तोच पंख लांब दिसला, तरच खरं धरा.

आता तिसरा, देखणा क्रेन. मान सरळ उभी, पंख वळवलेले, आणि तुम्ही दाखवलेल्या नमुन्यात तसं नव्हतं. इथे एकच विचारायचं: मुलांना काय सांगितलं होतं? नमुना सगळ्यांसमोर टेबलावर होता आणि "असाच करा" म्हटलं होतं, तर वळवलेले पंख आकाराशी जुळत नाहीत, कितीही छान दिसले तरी. नमुना फक्त एकदा हातात धरून दाखवला आणि मग फळ्यावर पायऱ्या काढल्या असतील, तर मानेचा कोन आणि पंखांची ठेवण तुम्ही ठरवलीच नव्हती. न ठरवलेल्या गोष्टीचे गुण कापता येत नाहीत. अशा वेळी मी आकाराच्या निकषात फक्त पायऱ्यांमध्ये असलेल्या गोष्टी बघते. पोट फुगवायला सांगितलं होतं आणि ते सपाटच राहिलंय का? चोच आतल्या रिव्हर्स फोल्डने केलीय की नुसतीच बाहेर मोडलीय? पंख वळवल्यामुळे त्याची घडी मुळाशी उघडलीय का? शेवटचं मुद्दाम बघा. वळवलेल्या पंखांखाली लांबीतला फरक छान लपतो. त्यासाठी पंख पुन्हा सपाट करून टोकं जुळवायची तीच चाचणी तिसऱ्यालाही लावा. त्यात तो उत्तीर्ण झाला आणि मानेबद्दल तुमची स्पष्ट सूचना नव्हती, तर तो दुसऱ्याच्याही वर जाऊ शकतो. सूचना होती तर दुसराच पहिला.

चोचीचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण तिथे सगळ्यात जास्त वाद होतात. चोच किती लांब हे कुठेच ठरलेलं नसतं. पुढच्या वेळी मुलांना आधीच सांगा की टोकापासून दीड सेंमीवर मोडायची, आणि पट्टीने खूण करू द्या. आकार बिघडत नाही आणि तो निकष मोजता येणारा होतो. मानेचंही तसंच: पुठ्ठ्याचा एक कोन कापून ठेवा आणि मान त्याला लावून बघा.

सगळ्यांत आधी जे करायला हवं होतं ते आता तरी करा: उरलेला कागद तपासा. अप्पा बळवंत चौकातून आणलेला असो की बोहरी आळीतून घाऊक घेतलेला, पाकिटावर चौरस लिहिलं म्हणून तो चौरस असतोच असं नाही. एका कोपऱ्यातून नेमकी ४५ अंशांची घडी घाला, म्हणजे लगतच्या दोन किनारी एकमेकींवर बसवा. कागद १५ बाय १५.२ असेल तर एका बाजूला २ मिमीची पट्टी बाहेर डोकावेल. अशा कागदावर मूल कोपऱ्याला कोपरा जबरदस्तीने लावतं, कर्ण तिरका होतो, आणि पुढे चौकोनी बेसची चार टोकं एकत्र येत नाहीत. मग तुमचे ४ मिमी मुलाचे किती आणि पाकिटाचे किती हे सांगणं अवघड. पहिल्या क्रेनचा कागद त्याच गठ्ठ्यातला असेल आणि गठ्ठ्यातले आणखी दोन-तीन कागद असेच निघाले, तर त्याचा सममितीतला तोटा मी अर्ध्यावर आणीन.

कागद लहान असेल तर मिलिमीटरची किंमत वाढते. साडेसात सेंमीच्या कागदात तोच २ मिमी फरक दुप्पट जाणवतो, म्हणून वेगवेगळ्या मापांचे क्रेन एकत्र आले तर फरक पंखाच्या लांबीच्या प्रमाणात बघावा.

हे सगळं करकरीत, कोरड्या घड्यांच्या मॉडेलसाठी झालं. उद्या कुणी कागद किंचित ओला करून मऊ वळणांचा पक्षी घेऊन आलं, तर धारेचा निकष बाजूला ठेवा. योशिझावांनीच रूढ केलेल्या त्या ओल्या पद्धतीत घडी मुद्दाम गोल राखतात आणि कागद वाळला की तोच आकार टिकतो. तिथे धारेच्या जागी मी बघते की दोन्ही बाजूंची वळणं सारखी आहेत का आणि वाळताना कुठे कागद फुगून वर आलाय का.

दोघींचं एकमत होण्यासाठी एक सोपी गोष्ट. गुण देण्याऐवजी जोड्या लावा: पहिला विरुद्ध दुसरा, दुसरा विरुद्ध तिसरा, पहिला विरुद्ध तिसरा, आणि प्रत्येक निकषासाठी वेगळं. नावं झाकून, एकमेकींना न सांगता. नऊ उत्तरं लिहून मग समोरासमोर ठेवा. मतभेद उरला तर तो बहुधा आकाराच्या निकषावरच उरेल, आणि तो मिटवायला क्रेनकडे न बघता तुम्ही दिलेली सूचना काय होती ते दोघींनी आधी कागदावर लिहा.